दर हिवाळ्यात तुळस मरते? भाच्याच्या बर्लिनच्या खिडकीत काय सापडलं ते सांगतो

नागपुरात काटोल रोडला माझी छोटी नर्सरी आहे, तुळशीची रोपं विकण्यातच अर्धं आयुष्य गेलं, आणि माझ्याच सख्ख्या भाच्याच्या घरी तुळस टिकत नव्हती. पोट्टा बर्लिनला नोकरीला आहे, चौथं वर्ष चालू आहे. पहिल्या दोन हिवाळ्यात दोन वेळा मेली, तिसऱ्या हिवाळ्यात मरता मरता वाचली. बाहेरगावी थंडीत राहणाऱ्या बऱ्याच पोरांचं हेच रडगाणं असते की उन्हाळाभर मस्त वाढते, दिवाळीपर्यंत डोलते, अन् डिसेंबर लागला की पानं काळी पडून गळतात, म्हणून सगळं नीट लिहितो, जरा लांबेल.

मला हे कळलं कसं ते आधी सांगतो. दर रविवारी ताईचा त्याला व्हिडिओ कॉल असतो आणि कॉलवर ताईला तुळशीचं दर्शन लागते. पहिली तुळस मेल्यावर ह्यानं काय करावं, तिथल्या सुपरमार्केटमधून बेसिलची कुंडी आणली, खिडकीत ठेवली, आणि मोबाईल लांबून धरून दाखवायला लागला. ताई फसली. पण एका रविवारी आमची आई, म्हणजे त्याची आजी, बाजूला बसली होती. चष्मा पुसून म्हणते, "हे पान चकाकून राहिलं ना बापा, तुळशीचं पान असं चकाकते का? तुळशीच्या पानाले लव असते. हा तर सब्जा आहे." खरंच होतं, तिथलं बेसिल म्हणजे आपल्या सब्जाच्याच जातीचं झाड, तुळशीची चुलत बहीण म्हणा. पोट्ट्यानं कॉल कट केला, नेटवर्क गेलं म्हणे.

त्याच रात्री अकराला मला फोन, तिकडे साडेसहा वाजले होते. "मामा, आईला सांगू नका, पण इथं तुळस जगतच नाही. मी रोज पाणी घालतो, खिडकीत ठेवतो, अजून काय करू?"

आता हे जे तो बोलला ना, रोज पाणी घालतो आणि खिडकीत ठेवतो, त्यातच दोन्ही कारणं होती, पण ते मला तेव्हा कळलं नाही. मी पण आधी चुकीचंच बोललो. म्हटलं ऊन कमी पडत असेल, लाईट लाव. त्यानं लाईट आणला, दुसऱ्या हिवाळ्यात लावला, तरी मेली. तेव्हा माझं पण डोकं सटकलं.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात त्यानं तिथल्या बाजारातून नवीन रोप घेतलं, उन्हाळाभर हातभर वाढलं, तुळशीचं लग्न पण लावलं पोट्ट्यानं, उसाऐवजी बांबूच्या काड्या खोचून. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत तेच सुरू झालं. ह्या वेळी म्हटलं अंदाज बांधायचा नाही, आधी फोटो पाठव, अन् विचारतो तेवढंच सांग.

पानं कुठून गळून राहिली? खालून, आणि खिडकीच्या काचेकडच्या बाजूनं जास्त. रंग? पिवळी नाही, काळपट हिरवे डाग, पान पाण्यात भिजवून ठेवल्यासारखं दिसते, मग काळं पडून लोंबते. माती? ओली. वरून बोट घातलं तर पहिल्या पेरापर्यंत चिखल. फांद्या लांब लांब झाल्या का, खिडकीकडे वाकल्या का? नाही, लाईट आहे ना.

इथेच माझा पहिला अंदाज खोटा ठरला. उजेड कमी पडला की तुळस वेगळी दिसते. दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढते, देठ सुतासारखे बारीक होतात, पान फिकट आणि लहान येते, अन् सगळं झाड काचेकडे मान टाकून उभं राहते. काळे डाग उजेडाच्या कमतरतेनं येत नाहीत. काळे डाग आणि ओल्या मातीत माना टाकणं हे दोन्ही एकत्र दिसले तर समजायचं थंडी लागली. तुळस उष्ण देशाची, साधारण दहा-बारा अंशाच्या खाली जास्त वेळ राहिली की पानाच्या आत इजा होते, बर्फ पडायची गरजच नसते.

मी हे सांगितलं तर पोट्टा म्हणतो, "मामा, घरात वीस-एकवीस अंश असते, मी टीशर्टवर बसतो."

म्हटलं तू जिथं बसतो तिथलं नको सांगू, तुळस जिथं बसते तिथलं सांग. मिनिमम-मॅक्सिमम लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो आण, आणि एक रात्र कुंडीच्या बाजूला खिडकीतच ठेवून दे. स्वयंपाकातला टोचायचा थर्मामीटर असेल तर तो सकाळी मातीत खोच, चार बोटं आत.

दुसऱ्या दिवशी आकडे आले. खोलीत टेबलावर वीस. खिडकीत रात्रीचं सगळ्यात कमी आठ. सकाळी सातला माती नऊ. दुपारी एकला माती बारा. बाहेर उणे सहा होतं त्या रात्री. म्हणजे पोट्टा टीशर्टवर आणि दोन हातांवर तुळस फ्रिजमध्ये.

असं होते कसं, तर त्याचं घर जुन्या बिल्डिंगमधलं, उंच खिडक्या, काचा जुन्या. खिडकीच्या आतली पट्टी दगडाची, आपल्याकडे ओट्याला ग्रॅनाइट असते तशी, तिला हात लावला तर गारठते. हीटर खिडकीच्या खालीच आहे, पण दगडाची पट्टी हीटरच्या पुढे चार बोटं आलेली, म्हणून गरम हवा पट्टीला आपटून खोलीत निघून जाते, वर खिडकीत येतच नाही. त्यात हा रात्री जाड पडदा ओढतो, पडदा पट्टीला टेकतो. म्हणजे पडद्याच्या अलीकडे गरम खोली, पलीकडे काच, आणि मध्ये आमची तुळस. वरून बिल वाचवायला झोपताना हीटर बारीक करतो.

पडदा ही गोष्ट मी वीस फोटो पाहूनही मला दिसली नव्हती, कारण फोटो तो दिवसा काढायचा आणि दिवसा पडदा उघडा. म्हणून कोणी विचारलं की माझी तुळस मरते, तर मी आता म्हणतो रात्री साडेदहाचा फोटो पाठव.

अजून एक भानगड निघाली. तिथं दमट हवेनं भिंतीला बुरशी येते म्हणून हिवाळ्यात पण दिवसातून दोन-तीन वेळा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची पद्धत आहे, घरमालक पण सांगतात. खिडकी आत उघडते, म्हणून त्याला कुंडी उचलावीच लागते, तेवढं तो करायचा, पण उचलून तो ती खाली जमिनीवर ठेवायचा, खिडकीच्या समोरच. थंड हवा जड, ती खालीच पडते. उणे सहाची हवा सरळ तुळशीच्या डोक्यावर. रोज दोन वेळा.

आता कोणीही नागपूरकर म्हणेल की बापा, थंडी तर आपल्याकडे पण पडते. पडते ना. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशावर गेला होता, माझ्या नर्सरीत त्या आठवड्यात तुळशीची पानं जांभळी झाली, काही गळली, पण झाडं मेली नाहीत. भाचा पण हेच म्हणाला, की मामा, घरची अंगणातली तर जगली होती तेव्हा. फरक इथे आहे की आपल्याकडे थंडी पहाटेची पाहुणी, दहा वाजता ऊन आलं की वृंदावनाची माती परत तापते, मुळं परत कामाला लागतात. त्याच्या खिडकीत माती रात्री नऊ आणि दुपारी बारा, दोन महिने. मुळांना कामावर यायची वेळच मिळत नाही.

आणि मुळं कामावर नसताना आपण पाणी घालत असतो. हा दुसरा आरोपी, आणि माझ्या मते मोठा. आमच्या घरची सवय अशी की आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी, आजी घालायची, ताई घालते, तेच ह्याच्या हातात. अंगणातल्या तुळशीला तांब्या चालतो, मुळं खोल, ऊन कडक, संध्याकाळपर्यंत माती कोरडी, मे महिन्यात तर आम्हाला हिरवी जाळी बांधून दोन वेळ पाणी द्यावं लागते. ह्याची कुंडी बारा सेंटीमीटरची, त्यात तिथली रेडीमेड माती जी स्पंजसारखी पाणी धरून बसते, आणि ती कुंडी अजून एका शोभेच्या भांड्यात ठेवलेली ज्याला खाली भोकच नाही. मी म्हटलं आतली कुंडी उचलून बघ. उचलली तर खाली दोन बोटं पाणी, वास मारून राहिलं.

थंड मातीत मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पान मान टाकते. मान टाकली की माणूस समजतो तहान लागली, अजून पाणी घालतो. पाणी जास्त झालं की मुळाला हवा मिळत नाही, मूळ सडते, सडलं की पान अजून मान टाकते, अन् हा अजून तांब्या घेऊन उभा. वरून नळाचं पाणी, हिवाळ्यातलं, बर्फासारखं. त्यामुळे नियम एकच सांगतो, माती ओली आणि पान लोंबलेलं असेल तर पाण्याला हात लावायचा नाही.

मूळ सडलं की नाही हे बघायला झाड कुंडीतून काढावंच लागते, घाबरायचं नाही. एका हाताची बोटं देठाच्या दोन्ही बाजूनं मातीवर ठेवायची, कुंडी उलटी करायची, बुडावर थाप मारायची, पूर्ण गड्डा निघतो. चांगलं मूळ पांढरं आणि टणक असते. सडलेलं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर राहते. त्याच्या गड्ड्याचा खालचा अर्धा भाग असाच होता. देठावर नखानं ओरखडा मारायला लावला, बुडाशी तपकिरी निघाला, चार बोटं वर गेल्यावर हिरवा.

मी म्हटलं, "बुड गेलं, वरचं वाचवू." पोट्टा रडवेला झाला होता, खोटं नाही सांगत. "मामा, कापू तुळस? आज एकादशी आहे." मग आजीला उठवून विचारावं लागलं, साडेअकरा झाले होते इथे. ती झोपेतच म्हणाली, "उद्या काप म्हणा."

द्वादशीला पण तुळस तोडत नाहीत हे तिला सकाळी आठवलं, म्हणून परवा कापली. दोन दिवस कुंडी टेबलावर, पाणी बंद.

कापायचं असं की फांदीचा शेंडा आठ-दहा सेंटीमीटरचा घ्यायचा, हिरवा, न फुललेला, मंजिरी असेल तर खुडून टाकायची कारण मंजिरीवाली फांदी मूळ लवकर धरत नाही. जिथून पानांची जोडी निघते तो पेर असतो, त्याच्या जरा खाली धारदार ब्लेडनं काप द्यायचा. खालची पानं काढून टाकायची, वर चार-सहा ठेवायची. काचेच्या ग्लासात दोन पेरं बुडतील एवढंच पाणी, खोलीच्या तापमानाचं, दोन दिवसांनी बदलायचं. ग्लास टेबलावर, खिडकीत नाही. त्यानं सहा फांद्या ठेवल्या. दोन काळ्या पडल्या, एक नुसती तशीच उभी राहिली, तिघींना मुळं आली, सोळा दिवस लागले. आपल्याकडे पावसाळ्यात आठ दिवसात येतात, पण तिथं डिसेंबरात सोळा म्हणजे मी खुश झालो. मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की मातीत लावायची, फार लांब होऊ दिली तर पाण्याची सवय लागते, मातीत बसत नाहीत.

माती बदलली. तिथल्या रेडीमेड मातीत एक तृतीयांश पर्लाइट, ते पांढरे हलके दाणे असतात ना तेच, त्यानं पाणी धरून बसत नाही. कुंडी लहानच, आठ-नऊ सेंटीमीटरची, खाली भोक पाहिजेच, शोभेचं भांडं बाद. मोठी कुंडी दिली की मुळं एवढीशी आणि ओली माती एवढी, परत तेच सडणं.

जागेचं असं केलं की दगडाच्या पट्टीवर पार्सलमध्ये आलेल्या थर्माकोलचा तीन सेंटीमीटरचा तुकडा, त्यावर लाकडी पाट, त्यावर कुंडी, काचेपासून वीतभर लांब. हे दिवसा. पडदा ओढायच्या आधी कुंडी टेबलावर. खिडकी उघडायच्या आधी कुंडी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात, उंचावर, खाली नाही. पहिल्या आठवड्यात दोन वेळा विसरला, एका रोपाची तीन पानं गेली, मग टूथब्रशच्या मगाला चिठ्ठी लावून ठेवली. परत माती मोजली तर सकाळी सतरा-अठरा, दुपारी वीस. एवढंच पाहिजे होतं.

लाईट आधीपासून होता पण तो दोन फूट वर टांगलेला होता आणि ऑफिसमधून आला की लावायचा, संध्याकाळी चार-पाच तास. तिथं डिसेंबरात पावणेआठ तासच दिवस असतो, आपल्याकडे सगळ्यात लहान दिवस पण पावणेअकराच्या वर जातो, त्यात तिथं ढग. म्हणून साधा पांढरा एलईडी वीस-पंचवीस सेंटीमीटर वर आणला आणि टायमर लावून रोज तेरा तास केला. महागडा जांभळा उजेडवाला लाईट घ्यायची गरज नाही असं माझं मत, त्यात पानाचा खरा रंग दिसत नाही आणि काळा डाग लवकर ओळखू येत नाही.

पाण्याचा प्रश्न मात्र माझ्याकडून सुटत नव्हता. मी म्हटलं, कुंडी हातात उचल, हलकी लागली तरच पाणी घाल, पाच-सहा दिवसांनी घालावं लागेल. तर म्हणतो मामा, रोज सकाळी पाणी घातल्याशिवाय मला काही केल्यासारखंच वाटत नाही, तेवढं एकच तर करतो घरचं. ह्याला मी काय उत्तर देऊ? उत्तर आजीनं दिलं. "तांब्या कायले घेतो बे? पळी घे. संध्येची पळी. पळीभर रोज घाल." पळीत मावते किती, चमचाभर. आठ-नऊ सेंटीमीटरच्या कुंडीला, उबदार खोलीत, लाईटखाली, रोज चमचाभर म्हणजे काहीच नाही, उलट पाच-सहा दिवसांनी वेगळं घालावंच लागते. नर्सरीवाला मी, आणि उपाय तिच्याकडे. पळी ताईनं कुरिअर केली.

बियांचं पण विचारतात म्हणून थोडक्यात. दुसऱ्या वर्षी पहिलं रोप मेल्यावर त्यानं जानेवारीत त्याच थंड खिडकीत बी टाकलं होतं, तीन आठवडे काहीच उगवलं नाही, मग निम्मं उगवलं आणि एका रात्रीत सगळी रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी झाली. तो मर रोग, ओली थंड माती असली की येतो, औषध शोधत बसू नका, गेलेली परत उभी राहत नाहीत. तुळशीच्या बीला पंचवीसच्या आसपास ऊब पाहिजे, मग आठ-दहा दिवसात येते, आणि बी मातीत पुरायचं नाही, वरून भुरभुरून हलकंसं दाबायचं. तिथं एप्रिलच्या आधी त्या फंदात पडूच नये.

आणि आईच्या हातची मंजिरी बॅगेत टाकून नेऊ नका. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये झाडं, बिया बाहेरून आणायच्या तर रोगमुक्तीचं सरकारी सर्टिफिकेट लागते, नाहीतर एअरपोर्टवर जप्त. ताईनं पुडी करून ठेवलीच होती, ओढणीच्या घडीत, मी काढून घेतली तर दोन दिवस बोलली नाही. त्यापेक्षा तिथल्या थाई दुकानात जा. त्यांच्या स्वयंपाकात क्रापाओ म्हणून पाला वापरतात, ती जातीनं तुळसच आहे, जुडी मिळते, ताजी असेल तर तिच्या फांद्या वर सांगितल्यासारख्या पाण्यात ठेवून मुळं येतात. फक्त बाजूलाच दुसरी जुडी असते, गुळगुळीत चकचकीत पानं, जांभळा देठ, बडीशेपेसारखा वास, ती घेऊ नका, तो परत सब्जाचाच भाऊ. तुळशीच्या देठाला लव असते, पानाची कड करवतीसारखी, आणि चुरलं तर लवंगेचा वास येतो. आमच्या पोट्ट्यानं बॅकअप म्हणून अशी एक लावून ठेवली आहे. ती देवाला चालते का हा वाद घरात अजून चालू आहे, ताई म्हणते थाई लोकांनी भाजीत घातलेली नको, आजी म्हणते तुळस ती तुळस.

हिवाळा संपेपर्यंत झाड वाढलं का विचाराल तर नाही, जेमतेम. जानेवारीत पान लहान येते, वाढ थांबल्यासारखी असते, तेवढं मान्य करायचं, खत बित घालून ढकलायचं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी हीटरच्या कोरड्या हवेनं पानाखाली लाल कोळी झाला होता, पानावर सुईनं टोचल्यासारखे फिके ठिपके आणि बारीक जाळी, बाथरूममध्ये नेऊन पानं खालून कोमट पाण्यानं धुतली, चार-चार दिवसांनी तीन वेळा, गेला.

तीनपैकी दोन रोपं एप्रिलपर्यंत आली. एक त्यानं खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाईंना दिलं, कारण ह्या डिसेंबरात तो तीन आठवडे नागपूरला आला तेव्हा दुसरं पण त्यांच्याकडेच ठेवायचं होतं. जाताना कुंडी, थर्माकोलचा तुकडा आणि पळी देऊन आला. इथे आल्यावर एक दिवस त्यांचा फोटो आला, कुंडी टेबलावर, मागे पडदा ओढलेला, बाजूला पळी. आजीनं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला, मग म्हणाली, "लव आहे."